सीजीपीए कटऑफ आणि बॅकलॉग: पहिल्या चाळणीत नेमकं काय होतं? मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी काही वर्षं पुण्यातल्या एका कंपनीकडून कॅम्पस भरतीला जात होतो. नंतर छत्रपती संभाजीनगरला परत आलो आणि कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचं काम पाहू लागलो. म्हणजे आधी ज्या शीटवर मी चाळणी लावायचो, ती शीट पुढे मीच तयार करून पाठवू लागलो. दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलं तेच प्रश्न घेऊन दारात उभी असतात. नांदेड, लातूर, बीड, परभणी, धाराशिव, जिल्हा बदलतो, प्रश्न बदलत नाही. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

कटऑफ कोण ठरवतं? कॉलेज की कंपनी?

कंपनी. पण त्या आकड्याचा उगम बहुतेकांना वाटतो तिथे नसतो. मुलांना वाटतं, कुणीतरी अभ्यास करून ‘६.५ च्या खालची मुलं काम करू शकत नाहीत’ असा निष्कर्ष काढला असेल. मी ज्या बैठकांना बसलो तिथे असं कधी झालं नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते एका हिशेबातून सांगतो. आकडे कल्पित आहेत, पद्धत नाही. समजा संभाजीनगरच्या एका कॉलेजात पूल कॅम्पस आहे. आसपासच्या कॉलेजांतून ६४० नावं आली. लॅबमध्ये १२० मशिन आहेत, दिवसभरात परीक्षेच्या दोनच बॅच बसतात, म्हणजे जास्तीत जास्त २४० मुलं. एचआरला संध्याकाळपर्यंत मुलाखती उरकून परतीची गाडी पकडायची असते. तो शीटवर ६० टक्क्यांचं फिल्टर लावतो, ५१० उरतात. ६.५ लावतो, ३९० उरतात. ७ लावतो, २३० उरतात. झालं, कटऑफ ७. पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या ड्राइव्हला कमी नावं आली तर तोच कटऑफ ६ वर येतो, आणि मुलं म्हणतात, ‘सर, यंदा कंपनीने दर्जा खाली आणला.’ दर्जाचा संबंधच नव्हता. खुर्च्या तेवढ्याच होत्या, बसणारे कमी झाले.

मोठ्या आयटी सेवा कंपन्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांचा आकडा देशभर एकच असतो. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के किंवा ६ सीजीपीए हा साचा बराच रुळलेला आहे. तो कुठल्या एका कॉलेजकडे बघून ठरवलेला नसतो, म्हणून कुणाच्या विनंतीवरून हलतही नाही.

पहिल्या फेरीत माझा रेझ्युमे कुणी वाचतं का?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही रात्र रात्र जागून बनवलेली ती दोन पानांची पीडीएफ पहिल्या फेरीत उघडलीच जात नाही. चाळणी लागते ती तुम्ही गूगल फॉर्ममध्ये भरलेल्या चार-पाच रकान्यांवर. टीपीओच्या, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याच्या, ऑफिसात ती शीट उतरते आणि तिच्यावर साधारण असं काहीतरी चालतं:

```
=AND(C2>=60,D2>=60,E2>=6.5,F2=0)
```

C मध्ये दहावी, D मध्ये बारावी, E मध्ये सीजीपीए, F मध्ये चालू बॅकलॉगची संख्या. चारही अटी पाळल्या तर TRUE, एकही मोडली तर FALSE. TRUE वाली नावं कंपनीला जातात. याला आम्ही ‘शॉर्टलिस्ट’ असं भारदस्त नाव देतो.

या एका ओळीत किती मुलं विनाकारण गळतात ते पाहा. चालू बॅकलॉगच्या रकान्यात तुम्ही शून्याऐवजी ‘Nil’ लिहिलंत, तर एक्सेलच्या लेखी ‘Nil’ म्हणजे शून्य नव्हे. उत्तर FALSE. शेजारच्याने आळस करून रकाना कोराच सोडला, तर एक्सेल कोऱ्या रकान्याला शून्य समजतं आणि तो पास. म्हणजे नीट लिहिणारा बाहेर आणि न लिहिणारा आत.

याहून गमतीची गोष्ट सीजीपीएच्या रकान्यात घडते. कुणी ‘5.9 CGPA’ असं अक्षरांसकट लिहिलं, तर तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. एक्सेलमध्ये तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. त्यामुळे 5.9 वाला ६.५ ची भिंत सहज ओलांडतो. पण तीच शीट दुसऱ्या कुणी फॉर्म्युल्याऐवजी फिल्टरच्या बटणाने चाळली, तर मजकूर आणि कोरे रकाने दोन्ही गळून पडतात. शीट एक, अट एक, दोन माणसांच्या हातून दोन याद्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पहिल्या वर्षी माझ्याच हातून झालं आहे.

आणखी एक बारीक भानगड. शीटमध्ये 6.50 दिसतं, पण आत 6.495 असतं, कारण मुलाने स्वतः सरासरी काढून चिकटवलेली असते आणि रकाना दोनच दशांश दाखवतो. चाळणी आतला आकडा बघते. मुलगा म्हणतो, ‘सर, माझे साडेसहा आहेत.’ स्क्रीनवर दिसतंही तसंच. यादीत नाव मात्र नाही.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो. बारावीच्या रकान्यात काय लिहू?

मराठवाड्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे दहावीनंतर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पॉलिटेक्निकला जाऊन मग डिग्रीला येणारी मुलं भरपूर आहेत. खर्च कमी, घर जवळ, आणि नाहीच जमलं तर वाळूजला डिप्लोमावर नोकरी मिळते, असा तो सरळ हिशेब असतो.

वरचा फॉर्म्युला पुन्हा बघा. D2 कोरा म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य. शून्य काही साठापेक्षा मोठं नाही. डिप्लोमाला ८२ टक्के असलेला मुलगा इथे बाद होतो आणि कारण विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तू एलिजिबल नाहीस.’ कंपनीने असं कधी सांगितलेलं नसतं. कंपनीच्या पत्रात ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असंच असतं. तो ‘किंवा’ शीटमध्ये उतरताना हरवतो.

टीपीओच्या ऑफिसला जाऊन एवढंच सांगा की डिप्लोमाचा वेगळा रकाना ठेवा (समजा G) आणि दोन्हींतला मोठा आकडा घ्या:

```
=AND(C2>=60,MAX(D2,G2)>=60,E2>=6.5,F2=0)
```

बारावी आणि डिप्लोमा दोन्ही केलेल्यांना हे लागू नाही. काही कंपन्या त्यांच्याकडून दोन्हीकडे ६० मागतात, तेव्हा पत्र वाचून घ्या. आणि फॉर्ममध्येच कोरा रकाना चालत नसेल तर काही मुलं डिप्लोमाचे टक्के बारावीच्या जागी टाकतात. तसं करू नका. पुढे कागदपत्रं तपासताना बारावीची मार्कशीट मागतात आणि मग सगळ्यांसमोर खुलासा करत बसावं लागतं.

लाइव्ह बॅकलॉग, डेड बॅकलॉग, हिस्ट्री: यात फरक काय?

लाइव्ह किंवा ॲक्टिव्ह म्हणजे आज राहिलेला विषय. डेड म्हणजे राहिला होता, आता निघाला. हिस्ट्री म्हणजे आजवर एकूण किती वेळा राहिला. पत्रातले शब्द नीट वाचा, कारण ‘नो ॲक्टिव्ह बॅकलॉग’ आणि ‘नो बॅकलॉग थ्रूआउट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही बसता, दुसऱ्यात पहिल्या सेमिस्टरला राहून महिन्याभरात निघालेला विषयही नडतो. अर्ज करताना एक ॲक्टिव्ह बॅक चालेल, पण जॉइनिंगच्या आधी निघाला पाहिजे, अशीही अट असते, आणि ती तुलनेने माणुसकीची.

पण बॅक निघाला आहे, फक्त निकाल लागायचा आहे. मग?

मग शीटच्या लेखी निघालेला नाही. कॅम्पस भरतीतली सगळ्यात मोठी आंधळी जागा माझ्या मते हीच आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेतो.

केज तालुक्यातली एक मुलगी धरा. झेडपीची शाळा, मग बीडला डिप्लोमा, मग कॉम्प्युटरला डायरेक्ट सेकंड इयर. डिग्रीच्या पहिल्या वर्षाची एम-१ आणि एम-२ ही गणितं तिने केलेलीच नाहीत, आणि थेट एम-३ समोर: लाप्लास, फुरिअर. त्यात डिप्लोमातलं गणित वेगळ्या वजनाचं. तिसऱ्या सेमिस्टरला एम-३ राहिला. नंतर एकदा दिला, थोडक्यात गेला. सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेबरोबर पुन्हा दिला आणि या वेळी पेपर चांगला गेला.

तिचा हिशेब मांडू. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला २०-२० क्रेडिट, पाचव्या आणि सहाव्याला २२-२२, एकूण ८४. तिसऱ्या सेमिस्टरला एम-३ ची ४ क्रेडिट शून्यावर, बाकीच्या १६ क्रेडिटवर सरासरी ६.५. म्हणजे १०४ गुण-क्रेडिट. चौथ्याला सरासरी ६.३, म्हणजे १२६. पाचव्याला ७, म्हणजे १५४. सहाव्याला ७.५, म्हणजे १६५. बेरीज ५४९. भागिले ८४, सीजीपीए ६.५४.

आता एम-३ निघाला असं धरा, साध्या ५ ग्रेड पॉइंटने. ४ क्रेडिट गुणिले ५, वीस गुण-क्रेडिट वाढले. ५६९ भागिले ८४, सीजीपीए ६.७७.

बघा काय झालं. एक राहिलेला विषय दोन रकान्यांत मारतो: बॅकलॉगच्या रकान्यात १, आणि सीजीपीएच्या रकान्यात जवळपास पाव पॉइंट. कंपनीची अट ‘६.७५ आणि शून्य ॲक्टिव्ह बॅक’ अशी असेल, तर निकालाच्या आदल्या दिवशी ती दोन्ही अटींवर नापास आणि निकालाच्या दिवशी दोन्हींवर पास. तिच्या डोक्यात त्या चोवीस तासांत काही बदललेलं नाही. फॉर्मची शेवटची तारीख १८ जुलै आणि निकाल ९ ऑगस्टला लागला, तर ती कंपनी गेली.

तिच्याच वर्गातला दुसरा मुलगा घ्या. त्याचे चार सेमिस्टर ८, ७.२, ६.४ आणि ६. दर वेळी खाली. क्रेडिटने गुणून बेरीज ५७६.८, सीजीपीए ६.८७, बॅक एकही नाही. तो यादीत सर्वांत आधी. शेवटच्या दोन सेमिस्टरची सरासरी काढली तर त्याची ६.२ आणि मुलीची ७.२५. डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम असे ज्या विषयांवर कंपनी मुलाखतीत प्रश्न विचारणार आहे, ते साधारण याच काळातले. सीजीपीए मात्र सगळ्या वर्षांचं एकच गाठोडं बांधतो, आणि माणूस वर चालला आहे की उतरतो आहे हे त्या गाठोड्याला कळत नाही.

काही विद्यापीठांत राहिलेल्या विषयाची क्रेडिट निकाल लागेपर्यंत भागाकारात धरतच नाहीत. तसं केलं तर वरच्या मुलीचा आकडा ५४९ भागिले ८०, म्हणजे ६.८६ येतो, विषय निघाल्यानंतरच्या आकड्यापेक्षाही जास्त! म्हणून तुमच्या मार्कशीटच्या मागे कुठली पद्धत छापली आहे ते आधी बघा. दोन विद्यापीठांच्या मुलांची एका शीटमध्ये तुलना करताना ही पाठची बाजू कुणी उलटून पाहत नाही.

निकाल लागायचा असेल तर फॉर्ममध्ये काय लिहावं?

खरं ते लिहा: ॲक्टिव्ह बॅक १, शेरा असेल तर ‘पुनर्परीक्षा दिली, निकाल प्रलंबित’. आणि टीपीओ सरांना वेगळा मेल करा, हॉलतिकिटाच्या प्रतीसह. मेल का? कारण शीटमध्ये शेऱ्याचा रकाना असला तरी फॉर्म्युला तो वाचत नाही. माणसाने वाचावं यासाठी माणसालाच लिहावं लागतं. काही कंपन्या निकाल प्रलंबित असलेल्यांची वेगळी यादी मागतात. तुमचा मेल असेल तर त्या यादीत तुमचं नाव जातं, नसेल तर कुणाला आठवतही नाही.

रिव्हॅल्युएशनचंही तसंच. फोटोकॉपी मागवली, गुण वाढायची खात्री आहे, हे सगळं खरं असलं तरी निकाल बदलेपर्यंत जुनाच आकडा भरायचा.

६० टक्के म्हणजे किती सीजीपीए?

कुणाला विचारता त्यावर आहे, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही. साधा रिवाज दहाने गुणायचा: ६ म्हणजे ६०. एआयसीटीईच्या तक्त्यात मात्र ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के. सूत्र असं:

```
percentage = (CGPA - 0.75) * 10
```

सीजीपीए ६.४ असलेला मुलगा घ्या. दहाने गुणलं तर ६४ टक्के, आत. एआयसीटीईच्या सूत्राने ५६.५, बाहेर. सीबीएसईच्या दहावीला सीजीपीए होता तेव्हा ९.५ ने गुणायचे, आणि अजूनही काही मुलं ते ९.५ पदवीच्या सीजीपीएला लावून बसतात. तसं करण्याला आधार नाही.

कंपनीच्या पत्रात ‘६० टक्के किंवा ६ सीजीपीए’ असं लिहिलं असेल तर तुमचा सीजीपीए तसाच लिहा, रूपांतर करूच नका. पत्रात फक्त टक्के मागितले असतील तर तुमच्या विद्यापीठाच्या मार्कशीटवर किंवा परिपत्रकात छापलेलं सूत्र वापरा. कॉलेजकडून रूपांतराचं पत्र मिळत असेल तर आताच काढून ठेवा. जॉइनिंगच्या वेळी मागतात, आणि तेव्हा परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर रांग असते.

दहावीच्या टक्क्यांतही एक खाच आहे. आपल्या बोर्डाची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने येते. काही कंपन्या स्पष्ट लिहितात की मार्कशीटवरचे सगळे विषय धरून टक्के काढा. तेव्हा पाचशेपैकी नव्हे, सहाशेपैकी. ६१ चे ५८ होणारी मुलं मी पाहिली आहेत. नेमकी हीच मुलं पुढे पडताळणीत अडकतात, बिचारी खोटं न बोलता.

स्वायत्त कॉलेजचा ७.५ आणि विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजचा ७.५ सारखाच का?

कागदावर सारखाच. स्वायत्त कॉलेज स्वतःचे पेपर काढतं, स्वतः तपासतं. संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठाचा असतो आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तुमचं कॉलेज कोणतं हेही माहीत नसतं. कुठलं कडक आणि कुठलं सैल हे सरसकट सांगता येणार नाही. पण पूल कॅम्पसमध्ये दोन्हीकडची मुलं एकाच रकान्यात एकाखाली एक येतात. कॉलेजप्रमाणे वर्गातला क्रमांक विचारला असता तर तुलना थोडी तरी बरी झाली असती. क्रमांक विचारणारी कंपनी माझ्या वाट्याला एकच आली.

२०२१ च्या दहावी-बारावीवाल्यांचे गुण कंपन्या कसे धरतात?

इतरांसारखेच, आणि खटकतं ते हेच. २०२१ साली कोरोनामुळे बोर्डाच्या परीक्षाच झाल्या नाहीत. दहावीचा निकाल नववीचे गुण आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन मिळून लागला. बारावीचा ३०:३०:४० या सूत्राने, म्हणजे दहावी, अकरावी आणि बारावीचे भाग एकत्र करून. २०२१ ला दहावी झालेली मुलं सरळ मार्गाने २०२७ ला पदवी घेतात, बारावीच्या वाटेने असोत वा डिप्लोमाच्या. म्हणजे त्यांच्या दहावीच्या रकान्यात परीक्षा न देता आलेला आकडा आहे. एक-दोन वर्षांच्या अंतराने त्याच शीटमध्ये असलेल्या मुलांच्या रकान्यात परीक्षेचा. अट दोघांना एकच, ६०.

कटऑफ लावून कंपनीला खरंच चांगली मुलं मिळतात का? त्यांनी कधी तपासलं असेल ना?

तपासता येणारच नाही अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच केलेली असते. ६.५ च्या खालचं कुणी आत घेतलंच नाही, तर खालच्यांनी कसं काम केलं असतं हे कळणार कुठून? आमच्या कंपनीत एक व्यवस्थापक अभिमानाने सांगायचे, ‘आपल्याकडे सातच्या खालचा एकही इंजिनिअर फेल गेला नाही.’ खरंच गेला नव्हता. सातच्या खालचा एकही नव्हताच.

आत आलेल्यांमध्ये तरी सीजीपीए आणि कामाचा संबंध दिसतो का? आत सगळे ७ ते ८.५ मधले. इतक्या अरुंद पट्ट्यात कुठलाही संबंध पुसटच दिसणार. १९९६ साली अमेरिकेत बऱ्याच जुन्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली होती. त्यात शैक्षणिक गुण आणि नोकरीतली कामगिरी यांचा सहसंबंध मुळात सुमारे ०.१६ आला. अशी आधीच झालेली काटछाट आणि मोजणीतल्या चुका दुरुस्त केल्यावर तो तिशीत, म्हणजे ०.३ च्या पुढे गेला. शिवाय पदवीनंतर जितकी वर्षं लोटली तितका तो कमी होत गेला. म्हणजे गुणांना काहीच अर्थ नाही असं म्हणणारेही चूक, आणि ६.४८ ला बाहेर ठेवून ६.५२ ला आत घेणारेही चूक. पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये फरक असतो, रेघेच्या दोन बाजूंना नसतो.

मग कंपन्या दुसरं काही का करत नाहीत?

काही करतात. चाचणी आधी सगळ्यांना ऑनलाइन देतात आणि सीजीपीए नंतर बघतात. त्यात हॉलच्या खुर्च्यांचा प्रश्न मिटतो, नकला करण्याचा नवा सुरू होतो. वाळूज-चिकलठाण्यातल्या लहान कारखान्यांना मी कधी चाळणी लावताना पाहिलं नाही. त्यांना चार मुलं हवी असतात. ड्रॉइंग समोर ठेवतात, व्हर्निअर हातात देतात, पंधरा मिनिटांत काय ते कळतं. चार मुलं हवी असणाऱ्याला ते परवडतं, चारशे हवी असणाऱ्याला नाही.

मी कॉलेजकडून कंपन्यांना एक छोटी विनंती करत आलो आहे: रेघेच्या खाली पाव पॉइंटपर्यंतची मुलं वेगळ्या शीटमध्ये घ्या, त्यांचे शेवटचे दोन सेमिस्टर बघा आणि त्यातली दहा जण चाचणीला बसवा. दहा खुर्च्या कुठल्याही लॅबमध्ये निघतात. दोन कंपन्यांनी ऐकलं. एका कंपनीत त्या दहांपैकी कुणीच निघालं नाही, दुसरीत तिघं लागले.

०.०५ ने राहिलो. टीपीओ सर कंपनीला सांगून बसवू शकतात का?

मोठ्या कंपनीत नाही, कारण तिथे कॉलेजची शीट पुन्हा कंपनीच्या पोर्टलवर चाळली जाते आणि पोर्टलशी कुणाची ओळख नसते. मध्यम कंपनीत कधी कधी जमतं, पण एकाच मुलासाठी शब्द टाकणारा टीपीओ पुढच्या वेळी दहा मुलांसाठी शब्द टाकू शकत नाही. म्हणून ते टाळतात. राग धरू नका.

डेड बॅकची संख्या कमी सांगितली तर कळतं का?

कळतं, आणि नको त्या वेळी कळतं. पहिल्या फेरीत कुणी मार्कशीट मागत नाही, म्हणून मुलांना वाटतं निभावलं. पण जॉइनिंगच्या आधी सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट जातात, आणि पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाकडून खातरजमा करते. कुठला विषय कुठल्या परीक्षेत निघाला हे मार्कशीटच्या महिना-वर्षावरूनच उघड होतं. तोवर तुम्ही बाकीच्या कंपन्या सोडलेल्या असतात, कारण बऱ्याच कॉलेजांत ‘एक मुलगा, एक ऑफर’ असा नियम असतो. एका मुलाची ऑफर जूनमध्ये गेलेली मी पाहिली आहे. दोन डेड बॅक होते, कंपनीला तीनपर्यंत चालत होते. त्याने शून्य लिहिलं होतं.

लातूरला नीट रिपीट करण्यात दोन वर्षं गेली. ते बॅकलॉगमध्ये धरतात का?

नाही, ते गॅपमध्ये धरतात. गॅपची अट वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी एकूण दोन वर्षांपर्यंत चालतं. त्यात वायडीचं, म्हणजे विषय राहिल्यामुळे वाया गेलेलं, वर्षही मोजलं जातं, हे मुलं विसरतात. लातूरची दोन आणि वायडीचं एक, झाली तीन. गॅप सर्टिफिकेट, म्हणजे तहसील किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र, तयार ठेवा. कारण विचारलं तर ‘नीटची तयारी’ एवढं पुरतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फॉर्म भरताना नेमकं काय बघू?

रकान्यात फक्त आकडा लिहा. ‘CGPA’, ‘%’, ‘Nil’ यातलं काहीही नको. शून्य असेल तर शून्यच टाइप करा, कोरं सोडू नका. मार्कशीटवर ६.४९ असेल तर ६.४९, गोळाबेरीज करून ६.५ नव्हे. सीजीपीए आणि शेवटच्या सेमिस्टरचा एसजीपीए यांची अदलाबदल करू नका. पाठवल्यावर आपली प्रत मेलवर आली का ते बघा. यादी लागली की ‘मी का नाही’ असं विचारायला या, पण मार्कशीट हातात घेऊन या. शीट उघडून तुमची ओळ समोर दाखवायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांत निम्म्या वेळा चूक शीटचीच निघते.

फॉर्म भरल्यानंतर निकाल लागला आणि बॅक निघाला. आता उशीर झाला का?

ड्राइव्हच्या दिवसापर्यंत यादीत दुरुस्ती होऊ शकते, एकदा परीक्षेच्या लिंक गेल्या की नाही. निकाल लागल्याच्या तासाभरात ऑनलाइन मार्कशीटचा स्क्रीनशॉट टीपीओ ऑफिसला पाठवा आणि फोनही करा. पूल कॅम्पस दुसऱ्या कॉलेजात असेल तर तुमच्या टीपीओकडून त्यांच्या टीपीओला मेल जायला हवा. थेट नांदेडहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी गेटवर उभं राहू नका. गेटवरच्या शिपायाकडे छापील यादी असते. त्या यादीत नाव नाही म्हणून केजच्या मुलीसारखी मुलं बाहेरच्या बाकावर डबा खाऊन परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि आतल्या लॅबमध्ये त्या दिवशी अकरा मशिन रिकाम्या होत्या.